ओरलमध्ये "रिपल काउंटर का नाही वापरला?" – क्लॉक फक्त 1 हर्ट्झ असताना काय उत्तर द्यायचं?

ऋचा_ईअँडटीसी

शुक्रवारी ओरल आहे. प्रकल्प लहान आहे, सहा पायऱ्यांचा सिक्वेन्सर. 555 मधून 1 हर्ट्झचा क्लॉक येतो. 74163 काउंटर 0 ते 5 मोजतो. त्याचे Q0, Q1, Q2 जातात 74138 डीकोडरला आणि डीकोडरच्या सहा आउटपुटवर सहा एलईडी आहेत. शिवाय एक पंप आहे. तो पायरी 1 ला सुरू व्हायला हवा आणि पुन्हा पायरी 0 येईपर्यंत चालू राहायला हवा. त्यासाठी 7474 चा अर्धा भाग नुसता लॅच म्हणून वापरलाय: Y1 प्रीसेटला, Y0 क्लिअरला, डी आणि क्लॉक दोन्ही ग्राउंडला. लॅचच्या आउटपुटवर ट्रान्झिस्टर आणि रिले. सगळ्या चिप एलएस मालिकेतल्या.

सरावाच्या ओरलला विचारलं, "रिपल काउंटर का नाही? 7493 ने काम झालं नसतं का?" मी म्हटलं, सिंक्रोनस फास्ट असतो. लगेच पुढचा प्रश्न आला, "तुमचा क्लॉक 1 हर्ट्झ आहे. तुम्हाला घाई कसली?" यावर मला काहीच सुचलं नाही. खरं उत्तर काय आहे?

प्रथमेश_टी

सोपं आहे. रिपलमध्ये प्रत्येक फ्लिपफ्लॉपचा डिले पुढच्यात जमा होत जातो, सिंक्रोनसमध्ये सगळे एकाच क्लॉकवर चालतात. म्हणून सिंक्रोनस वेगवान, आणि त्यात ग्लिच येत नाहीत. हे दोन मुद्दे सांग, पूर्ण मार्क.

स्मिता_जोगळेकरीण

प्रथमेश, डिले साठत जातो हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष परीक्षकासमोर टिकणार नाहीत. वेगाचा मुद्दा ऋचाच्या बाबतीत आधीच पडलाय. आणि "ग्लिच येत नाहीत" म्हणालीस की पुढचा प्रश्न तिथेच ठरलेला असतो. त्याकडे नंतर येते.

ऋचा, आधी एवढं मनात पक्कं कर. क्लॉक किती वेगाने येतो, याचा इथे संबंधच नाही. क्लॉकच्या एका कडेनंतर काय घडतं, एवढंच बघायचं. ते 1 हर्ट्झला जसं घडतं तसंच 1 मेगाहर्ट्झला घडतं.

तुझ्या सर्किटमध्ये 74163 च्या जागी 7493 बसवली असं धर. ती पडत्या कडेवर मोजते. Q0 पडला की Q1 बदलतो, Q1 पडला की Q2. म्हणजे पुढचा आकडा एकदम लागत नाही, एकेक बिट करत लागतो. मधे जे दिसतं ते असं:

```
1 -> 2 : 001 -> 000 -> 010
3 -> 4 : 011 -> 010 -> 000 -> 100
5 -> 0 : 101 -> 100 -> 110 -> 000
```

पहिली ओळ बघ. 1 वरून 2 वर जाताना मधे 000 येऊन जातो. एलएस 7493 मध्ये Q0 पडल्यावर Q1 वर यायला साधारण 10 नॅनोसेकंद लागतात, तेवढा वेळ काउंटर खरोखरच 0 दाखवतो. डीकोडर बिचारा जे दिसेल ते डीकोड करतो. तो Y0 खाली ओढायला लागतो. आणि Y0 तू कुठे जोडलाय? लॅचच्या क्लिअरला.

म्हणजे पंप पायरी 1 ला सुरू होणार, 2 वर जाताना बंद पडणार आणि पुढच्या फेरीपर्यंत बंदच राहणार. एका सेकंदात 10 नॅनोसेकंदाचे 10 कोटी तुकडे बसतात. त्यातला एक तुकडा लॅचने पकडला की उरलेला सेकंद कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, कारण लॅच झालेलं विसरत नाही. क्लॉक आणखी मंद करून, दहा सेकंदांनी एक ठोका दिलास, तरी हा ग्लिच रेसभरही कमी होत नाही.

तुझं उत्तर हे आहे: "माझ्या डीकोडरचं आउटपुट लॅचला जातं, म्हणून मधल्या खोट्या अवस्था मला परवडत नाहीत." वेग हा शब्द न काढता देता येईल असं.

बाळू_घड्याळवाला

थांबा, मग माझं घड्याळ चुकीचं आहे का? 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल, 4060, त्यातून 2 हर्ट्झ, पुढे 7474 ने भाग देऊन 1 हर्ट्झ, मग 7490 च्या साखळीने सेकंद-मिनिटं आणि 7447 वर सेव्हन सेगमेंट. 4060 पण रिपल आणि 7490 पण रिपल. सगळं बदलायचं का?

सुतारपक्षी

बाळूदादा, काही बदलू नका. प्रश्न रिपल वाईट की चांगला असा नाहीच. त्याचं आउटपुट कोण वाचतंय, असा आहे.

4060 मधून तुम्ही एकच तार घेताय, शेवटच्या टप्प्याची. 14 टप्प्यांचे डिले साठून ती तार क्रिस्टलच्या कडेपेक्षा थोडी उशिरा हलते, पण दर वेळी तेवढीच उशिरा. त्यामुळे 2 हर्ट्झ तो 2 हर्ट्झच राहतो. एकाच तारेवर "मधली अवस्था" नावाची गोष्ट उद्भवत नाही. ती उद्भवते दोन किंवा जास्त तारा एकत्र वाचल्या की. 7490 च्या चार तारा 7447 एकत्र वाचतो खरा, पण पुढे एलईडी आणि त्यापुढे डोळा. सेगमेंट काही नॅनोसेकंद चुकीचा पेटला तर कुणालाही दिसणार नाही. तिथे आठवण ठेवणारं काही नाही.

ऋचा, हेच तुझ्या एलईडींनाही लागू आहे. नुसते सहा एलईडी असते तर 7493 ने खुशाल काम झालं असतं. परीक्षकाने विचारायच्या आधी हे तू स्वतः बोलून टाक. तुझं पंपाचं लॅच हेच तुझं समर्थन आहे, एलईडी नाहीत.

प्रथमेश_टी

बरं. पण मग Y0 वर 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की 10 नॅनोसेकंदाचा ग्लिच गिळला जाईल. 7493 स्वस्तात राहील.

स्मिता_जोगळेकरीण

गिळला जाईल, खरं आहे. पण मग परीक्षक विचारेल, 0.01 च का? त्याचं उत्तर देताना डीकोडरचा आउटपुट किती करंट ओढू शकतो, किती देऊ शकतो, हे सगळं आलं, आणि देतानाची बाजू एलएसमध्ये कमजोर असते. त्या तारेची चढती कड लोळते. आज ती क्लिअरला जोडलीय म्हणून चालून जाईल, उद्या कुणी तीच तार एखाद्या क्लॉक पिनला जोडली तर एका कडेच्या जागी तीन-चार मोजल्या जातील. ग्लिच तयार होऊ द्यायचा आणि मग पुसायचा, यापेक्षा तो कुठून येतो ते कळल्यावर तिथेच थांबवलेला बरा.

ऋचा_ईअँडटीसी

स्मिताताई, खूप धन्यवाद, पहिल्यांदाच नीट उमगलं. एक शंका. 7474 च्या डेटाशीटमध्ये क्लिअर पल्सची किमान रुंदी 25 नॅनोसेकंद दिलीय. आपला ग्लिच 10 चा. मग लॅच तो घेणारच नाही ना? परीक्षकाने हेच विचारलं तर?

स्मिता_जोगळेकरीण

चांगलं पकडलंस. त्या आकड्याचा अर्थ मात्र उलटा लावू नकोस. 25 नॅनोसेकंद म्हणजे "एवढी पल्स दिलीत तर चिप नक्की क्लिअर होईल" अशी बनवणाऱ्याची हमी. त्याहून अरुंद पल्सकडे चिप दुर्लक्ष करेल, अशी हमी कुठेही दिलेली नाही. 10 च्या पल्सवर ती क्लिअर होईलही, होणारही नाही. मधे डीकोडर आहे, तो इतकी अरुंद पल्स कधी पुसट करून सोडतो. त्यामुळे एका बोर्डवर पंप नीट चालेल, चिप बदलली की रुसेल, दुपारी खोली तापली की वेगळंच वागेल.

ब्रेडबोर्डवर एखाद्या वेळेस 7493 लावून दिवसभर काही बिघडणारच नाही, आणि परीक्षक म्हणेल, "बघा, चालतंय." त्यावर उत्तर: चालतंय ते डेटाशीटच्या भरवशावर नाही.

अनिकेत_व्हीएलएसआय

हे समोर दाखवता येतं, फक्त बोलायची गरज नाही. 7493 मध्ये पहिला फ्लिपफ्लॉप वेगळा असतो. पिन 12 चा Q0 बाहेरून पिन 1 ला जोडावा लागतो, तेव्हा कुठे पुढचे तीन चालतात. ही बाहेरची तार आपल्या उपयोगाची आहे. ती काढा आणि तिच्या जागी 7404 चे चार इन्व्हर्टर एकामागोमाग लावा. एलएसमध्ये प्रत्येकी साधारण 10, म्हणजे 40 नॅनोसेकंद वाढले. मूळचे 10 धरून ग्लिच 50 च्या आसपास गेला, 25 च्या कितीतरी वर. आता पंप दर फेरीला पायरी 2 वर पडतो, आणि हे बघायला स्कोपही लागत नाही, रिलेचा टक आवाज ऐकू येतो.

इन्व्हर्टर सम संख्येत हवेत. तीन लावले तर Q1 चुकीच्या कडेवर टॉगल होईल आणि मोजणीचा क्रमच बदलेल.

कॉलेजच्या लॅबमधल्या 20 मेगाहर्ट्झच्या सीआरओवर मूळचा 10 नॅनोसेकंदाचा ग्लिच शोधत बसू नका. त्या सीआरओचा स्वतःचा राइज टाइम 17 नॅनोसेकंदांच्या वर असतो. ग्लिच दिसलाच तर बुटका उंचवटा म्हणून दिसेल, आणि 1 हर्ट्झला तर स्क्रीनवर काही उमटणारच नाही. सर्किटमधला लॅचच ग्लिच पकडायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

प्रथमेश_टी

पण हे तर मुद्दाम बिघडवणं झालं. परीक्षक म्हणेल, इन्व्हर्टर तुम्ही घातलेत, रिपलचा काय दोष?

अनिकेत_व्हीएलएसआय

म्हणू शकेल. माझ्या मते दोष कुठे आहे ते दाखवायला तो मोठा करून दाखवणं योग्यच आहे. इन्व्हर्टरने क्रम बदलत नाही, मधली 000 ची अवस्था आधीही तिथेच होती, फक्त लांबली. हाच उद्योग 74163 वर करायला गेलात तर असा डिले घुसवायला जागाच मिळत नाही, कारण Q1 हा Q0 च्या तारेवर टॉगल होत नाही.

सुतारपक्षी

आणखी एक निरीक्षण, कुणी तक्ता नीट पाहिला असेल तर आधीच लक्षात आलं असेल. वरच्या तीन ओळींतल्या मधल्या सगळ्या अवस्था सम आहेत: 0, 2, 4, 6. विषम एकही नाही. ते तसंच असणार, कारण 7493 मध्ये बाकीचे बिट हलतात तेच मुळी Q0 पडून 0 झाल्यावर. म्हणजे खोटी पल्स फक्त Y0, Y2, Y4, Y6 वर येऊ शकते.

याचा उपयोग असा. कधी रिपल आणि डीकोडरवाला बोर्ड दुरुस्तीला आला आणि गडबड फक्त सम पायऱ्यांशी जोडलेल्या गोष्टींत असली, तर वायरिंग तपासत बसण्याआधी ग्लिचचा संशय घ्या. गडबड विषम पायरीवर असेल तर कारण दुसरं काहीतरी आहे. आणि ऋचाचा सेट Y1 वर, रिसेट Y0 वर. सेट कधीच खोटा होणार नाही, रिसेट होईल. म्हणून पंप बंद पडतो, आपोआप सुरू होत नाही.

ऋचा_ईअँडटीसी

हे भारी आहे. मग उलट करून, म्हणजे रिसेटही विषम पायरीवर ठेवून, 7493 चालली असती?

सुतारपक्षी

चालली असती, पायऱ्यांचा क्रम तसा बसवता आला तर. पण मग डिझाइनचा एक नियम फक्त तुझ्या डोक्यात राहतो: सम आउटपुटला लॅच जोडू नका. पुढच्या माणसाला तो सर्किटकडे बघून कळणार नाही.

स्मिता_जोगळेकरीण

आता प्रथमेशच्या दुसऱ्या वाक्याकडे, कारण परीक्षक तिथे हमखास जातो. "सिंक्रोनसमध्ये ग्लिच नसतात का?" याला "नसतात" म्हणू नकोस.

74163 मध्ये तिन्ही बिट एकाच कडेवर हलायला सुरुवात करतात, पण एकाच क्षणी पोचतात असं नाही. एलएस 163 चे नेहमीचे आकडे बघ: वर जायला 13 नॅनोसेकंद, खाली यायला 18. म्हणजे 1 वरून 2 वर जाताना Q1 आधी वर येतो, Q0 मागाहून पडतो, आणि मधे सुमारे 5 नॅनोसेकंद 011 दिसतो. ग्लिच Y0 चा न राहता Y3 चा झाला, आणि अर्ध्याने अरुंद झाला. 3 वरून 4 वर जाताना मधे 111, म्हणजे Y7, जो तू वापरतच नाहीस. 5 वरून 0 वर येताना Q0 आणि Q2 दोघेही पडतात, त्यात कोण आधी पडेल ते सांगता येत नाही. क्षणभर Y1 किंवा Y4 हलू शकेल. Y1 हलला तरी लगेच Y0 येऊन पूर्ण सेकंद खाली बसतो, त्यामुळे पंप बंद व्हायचा तो होतोच.

मग फरक काय? दोन गोष्टी. रिपलमध्ये खोट्या अवस्था रचनेतच आहेत, त्या येणारच, आणि काउंटर जितका लांब तितका स्थिर व्हायचा वेळ वाढत जातो. चार बिटांच्या एलएस 7493 मध्ये क्लॉकपासून शेवटच्या बिटापर्यंत जास्तीत जास्त 70 नॅनोसेकंद दिलेत. 163 मध्ये सगळे बिट जास्तीत जास्त 27 मध्ये बसतात. तिथे उरतो तो बिटा-बिटांतला थोडा फरक.

ऋचा_ईअँडटीसी

म्हणजे माझं आत्ताचं डिझाइनही डेटाशीटच्या भरवशावर नाही?

स्मिता_जोगळेकरीण

काटेकोर बोलायचं तर नाही. 13 आणि 18 हे नेहमीचे आकडे आहेत, हमीचे नाहीत. एखाद्या चिपमध्ये Q0 आधी पडला तर Y0 क्षणभर हलू शकेल. शक्यता कमी, ग्लिच अरुंद, पण शून्य नाही.

पक्कं करायचं तर डीकोडरचा एनेबल वापर. 74163 चढत्या कडेवर मोजते, म्हणजे सगळी हालचाल क्लॉक वर असताना, त्याच्या पहिल्या 27 नॅनोसेकंदांत होते. 74138 ची पिन 4 खाली असेल तरच डीकोडर चालतो. आत्ता तू ती ग्राउंड केली असशील. तिथे क्लॉक जोड. क्लॉक वर गेला की डीकोडर गप्प, काउंटर पाहिजे तेवढा हलू दे. अर्ध्या ठोक्याने क्लॉक खाली आला की डीकोडर उघडतो, तोवर सगळं कधीच स्थिर झालेलं असतं.

यात शर्यत आहे का, असं विचारतील. चढत्या कडेला डीकोडर बंद व्हायची बातमी एनेबलमधून थेट जाते. काउंटरची हालचाल आधी 163 मधून आणि मग डीकोडरमधून, अशी दोन टप्प्यांनी येते. म्हणून बंद आधी होतो.

अनिकेत_व्हीएलएसआय

आता मी जरा अडवतो. एनेबलने झाकायचंच असेल तर रिपलही झाकता येतो. 7493 पडत्या कडेवर मोजते, तर क्लॉक 138 च्या पिन 6 ला द्या, जी वर असताना डीकोडर चालतो. 1 हर्ट्झला अर्धा सेकंद मिळतोय, रिपलला 70 नॅनोसेकंद हवेत. मग सिंक्रोनस कशाला? शिवाय रिपलमध्ये पुढच्या फ्लिपफ्लॉपना क्लॉक कमी वेळा मिळतो, पॉवरही वाचते.

माझं मत: ऋचाने ओरलमध्ये हे सरळ मान्य करावं.

स्मिता_जोगळेकरीण

विचारलं तर मान्य करावं, हे माझंही मत. आपणहून सांगू नये. आपल्या डिझाइनच्या विरोधातला मुद्दा पहिल्याच वाक्यात टाकला की पुढची दहा मिनिटं त्यावरच जातात.

अनिकेत_व्हीएलएसआय

इथे आपलं जमणार नाही. मी परीक्षक असतो तर जो विद्यार्थी स्वतःहून "एनेबल लावल्यास रिपलही चालला असता, पण मला मोजणी 5 नंतर स्वच्छपणे 0 वर आणायची होती म्हणून 163 घेतली" असं म्हणेल त्यालाच जास्त गुण दिले असते.

सुतारपक्षी

त्या "5 नंतर 0" वर जरा थांबू या, कारण माझ्या मते 163 घ्यायचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे आणि ते अजून कुणी नीट मांडलं नाही.

7493 ला सहावर थांबवायचं तर Q1 आणि Q2 तिच्या दोन रिसेट पिनांना, 2 आणि 3 ला, जोडतात. दोन्ही वर गेले की रिसेट. पण त्यासाठी काउंटरला आधी 6 व्हावं लागतं. क्षणभर 110 येतो, मग त्याच्याच जोरावर रिसेट होतो, आणि रिसेट होताना दोघांतला एक जरी आधी पडला की रिसेटचा सिग्नल स्वतःच संपतो. दुसरा पडला नसेल तर काउंटर 2 किंवा 4 वर अडकतो. एकाच चिपमध्ये सहसा दोघेही पडतात. लांब तार किंवा एका आउटपुटवर जास्त भार असेल तर भरवसा नाही.

163 मध्ये क्लिअर क्लॉकची वाट बघतो. तू 7400 च्या एका नँडमध्ये Q0 आणि Q2 देऊन, म्हणजे 5 ओळखून, पिन 1 ला दिलं असशील. 5 आला की क्लिअर तयार होऊन बसतो, पायरी 5 पूर्ण सेकंद चालते, पुढच्या कडेला 0. 6 कधी येतच नाही.

इथेच 161 आणि 163 चा गोंधळ होतो. दोन्हींच्या पिना सारख्या, दुकानात एकीच्या जागी दुसरी मिळते. 161 चा क्लिअर क्लॉकची वाट बघत नाही. तुझ्या वायरिंगमध्ये 161 बसली तर 5 आल्या आल्या पुसला जाईल आणि पाचच पायऱ्या दिसतील, 0 ते 4. उलट, 161 साठी 6 ओळखून केलेल्या बोर्डवर 163 बसली तर सात पायऱ्या होतील. पायऱ्या मोजल्या की चिपवरचा नंबर न वाचता कळतं. ओरलच्या आधी एकदा मोज.

ऋचा_ईअँडटीसी

आत्ता मोजल्या, सहाच आहेत. नँड Q0 आणि Q2 वरच आहे, पिन 14 आणि 12.

पिन 4 ला क्लॉक देऊन बघितला. पंप बरोबर चालतोय, पण एलईडी आता दर पायरीला अर्धाच वेळ पेटतात, लुकलुकतात. सर म्हणतील पायरी सलग दिसायला हवी.

स्मिता_जोगळेकरीण

मग पिन 4 परत ग्राउंड कर आणि झाकण फक्त लॅचपुरतं ठेव. 7432 चे दोन ऑर गेट घे. एकाला Y0 आणि क्लॉक, आउटपुट 7474 च्या क्लिअरला, पिन 1. दुसऱ्याला Y1 आणि क्लॉक, आउटपुट प्रीसेटला, पिन 4. क्लॉक वर असताना ऑरचं आउटपुट वरच राहतं, म्हणजे लॅचपर्यंत काही पोचत नाही. क्लॉक खाली असेल आणि Y0 ही खाली असेल तरच क्लिअर होतो. एलईडी सलग पेटतील. फक्त पंप पायरी 1 सुरू झाल्यावर, 555 चा आउटपुट वर असतो तेवढा वेळ थांबून, मग सुरू होईल. तेवढा उशीर चालत असेल तर विचारायच्या आधी सांगून टाक.

प्रथमेश_टी

आणि पॉवर देताना काउंटर 6 किंवा 7 वर उठला तर? 163 चौथा बिटही मोजते, ती 9 वर पण उठू शकते.

सुतारपक्षी

छान प्रश्न. नँड फक्त Q0 आणि Q2 बघतो, म्हणून 5, 7, 13 आणि 15 या चारही आकड्यांवर क्लिअर तयार होतो. 6 वर उठला तर 7, मग 0. 9 वर उठला तर डीकोडरला खालचे तीनच बिट दिसतात, तो Y1 पासून Y5 पर्यंत नेहमीसारखा जातो आणि 13 नंतर 0. 14 वर उठला तर 15, मग 0. कुठूनही उठला तरी रुळावर येतो. मात्र 6, 7, 14, 15 वर उठला तर पहिला सेकंद-दोन सेकंद एकही एलईडी पेटलेला नसेल, तेव्हा बोर्ड बंद आहे असं वाटून वायरी हलवू नकोस.

पंपाचं लॅच मात्र पॉवर देताना कुठल्याही बाजूला उठू शकतं. पहिली पायरी 0 येईपर्यंत पंप चालू दिसला तर ते याच्यामुळे.

ऋचा_ईअँडटीसी

7432 लावली. एलईडी सलग, पंप पायरी 1 मध्ये साधारण अर्ध्या सेकंदाने सुरू होतोय. पॉवर देताना मात्र तीनदा पंप चालू स्थितीत उठला, 0 आल्यावर बंद झाला. यासाठी 7474 च्या क्लिअरला वेगळा पॉवर-ऑन रिसेट द्यायचा तर तो त्याच पिनवर ऑरच्या आउटपुटशी कसा जोडू?

स्मिता_जोगळेकरीण

दोन आउटपुट एका पिनवर थेट जोडू नकोस. 7408 चा एक अँड गेट मधे घाल: एका बाजूला ऑरचं आउटपुट, दुसऱ्या बाजूला 10 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरडचा आरसी, आणि अँडचं आउटपुट क्लिअरला. आरसीची कड लोळती असते, म्हणून तो आणि अँड यांच्या मधे 7414 चे दोन इन्व्हर्टर टाक. एलएसच्या इनपुटमधून करंट बाहेर येतो, तेव्हा 10 किलोओहम 5 व्होल्टकडे आणि कपॅसिटर ग्राउंडकडे, असंच जोड, उलट नाही. साधारण 40 मिलिसेकंद क्लिअर खाली राहील, 1 हर्ट्झला तेवढं पुरे.